आखाजीचे चार रविवार : ‘सण आणि मूल्ये’ या अभ्यासक्रमाविषयी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व पालकांना सप्रेम नमस्कार.

मेलबर्नमधील आपल्या रविवारच्या मराठी वर्गात या वर्षापासून ‘सण आणि मूल्ये’ हा अभ्यासक्रम सुरू होत आहे. वर्गातील बहुतेक कुटुंबे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली असल्यामुळे पहिला घटक आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, घेतला आहे. अभ्यासक्रमाची रूपरेषा पाठवल्यानंतर आपण फोनवर आणि वर्गाच्या दारात जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. खान्देशातील आजी-आजोबांनाही हे पत्र अवश्य वाचून दाखवावे, कारण चारही पाठांत त्यांच्यावाचून काम होणार नाही.

गणपती आणि दिवाळी सोडून आखाजीपासून सुरुवात का केली?

गणपती आणि दिवाळी येथील मुलांना ठाऊक आहेत. मंडळाचा कार्यक्रम होतो, मुले नाच बसवतात, फोटो निघतात. आखाजी मात्र घरातला आणि गावातला सण आहे. त्यासाठी सभागृह घ्यावे लागत नाही, आणि म्हणूनच परदेशात तो सर्वांत आधी सुटतो. आपल्याकडे हा सण दिवाळीच्या बरोबरीने मानला जातो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते आणि शेतातील सालदाराचे वर्ष याच दिवशी संपून नवे सुरू होते. या एका दिवसात घरातले गेलेले, घरातून दूर गेलेले आणि घरासाठी राबणारे अशा तिघांचीही आठवण ठेवली जाते. मुलांशी मूल्यांविषयी बोलायचे असेल तर याहून भरीव सण मला दिसत नाही.

मूल्ये शिकवणार म्हणजे वर्गात नेमके काय होणार?

‘कृतज्ञता’, ‘आदर’ असे शब्द फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ पाठ करून घेतले जाणार नाहीत. प्रत्येक रविवारी सणातील एकच कृती हाती घेतली जाईल, ती कशी करतात हे मुले पाहतील किंवा करतील, आणि मग ती कोणासाठी केली जाते हा एकच प्रश्न त्यांना विचारला जाईल. पहिल्या रविवारी पाण्याची घागर, दुसऱ्या रविवारी पितरांची नावे, तिसऱ्या रविवारी माहेरी येणाऱ्या लेकी आणि झोका, चौथ्या रविवारी सालदाराचा हिशेब, असा क्रम आहे. पहिले दोन पाठ मोठे आहेत आणि त्यांची तयारी घरी करावी लागते, त्यामुळे त्यांच्याविषयी पुढे विस्ताराने लिहिले आहे.

सणाची तारीख दरवर्षी बदलते. मुले कारण विचारतात, तेव्हा काय सांगावे?

आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेला येते आणि तिथी चंद्रावरून ठरते. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते, म्हणजे ते सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असते. २०२४ साली आखाजी १० मे रोजी होती, २०२५ साली ३० एप्रिलला आली आणि २०२६ साली १९ एप्रिलला. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे मुलांना या तीन तारखांवरून स्वतःच काढता येते. तेथेच थांबलो तर सण सरकत सरकत हिवाळ्यात जाईल. म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना धरला जातो. २०२६ च्या मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि त्यामुळे २०२७ साली आखाजी पुन्हा ९ मे रोजी येते. दहा वर्षांच्या मुलाला कॅलेंडर हातात देऊन हे करून दाखवावे, त्याला ते सहज समजते.

भारतातील आणि मेलबर्नमधील सूर्योदय वेगळ्या वेळी होत असल्यामुळे येथील पंचांगात कधीकधी एक दिवसाचा फरक पडतो. वर्गासाठी आपण खान्देशातील घरी ज्या दिवशी घागर भरतात तोच दिवस धरणार आहोत. घरच्या पूजेचा दिवस प्रत्येक कुटुंबाने आपल्या पद्धतीने ठरवावा.

येथे एप्रिलमध्ये थंडीची चाहूल लागते. उन्हाळ्याचा सण मुलांना कसा समजणार?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आखाजीच्या सुमारास जळगावात पारा ४० अंशांच्या पुढे गेलेला असतो, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. अशा दिवसांत भरलेली घागर दारात किंवा देवघरापाशी ठेवणे याला जो अर्थ आहे, तो स्वेटर घालून वर्गात आलेल्या मुलाला शब्दांनी कळणार नाही. त्यामुळे पहिल्या पाठात आपण प्रयोग करतो.

मातीचे एक भांडे आणि तेवढ्याच मापाचे स्टीलचे एक भांडे घेऊन दोन्हींत एकाच नळाचे, सारख्याच तापमानाचे पाणी भरतो. वर्गातील हीटर चालू ठेवून हवा उबदार आणि कोरडी करतो, दोन्ही भांड्यांवर सारखा वारा येईल असा पंखा लावतो आणि दर वीस मिनिटांनी तापमापीने नोंद घेतो. मातीच्या भांड्यातून पाणी बारीक छिद्रांवाटे बाहेर पाझरते, पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते पाणी गार होत जाते. स्टीलच्या भांड्यात असे घडत नाही. पावसाळी, दमट दिवशी वाफ कमी होते आणि दोन्हींतील फरकही कमी दिसतो. तसे झाले तर प्रयोग फसला असे मुलांना सांगू नये. मे महिन्यातल्या कोरड्या खान्देशात घागरीचे पाणी इतके गार का लागते, हे अशा दिवशी उलट अधिक चांगले समजावता येते.

प्रयोग बिघडण्याची कारणे बहुतेक वेळा भांड्यातच असतात. मातीचे भांडे आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवलेले नसेल तर पहिला अर्धा तास ते नुसते पाणी पीत राहते. आतून किंवा बाहेरून चकाकी दिलेले भांडे पाझरतच नाही. आणि मुलांना घागर रंगवायला फार आवडते, परंतु ॲक्रिलिक रंगाने पूर्ण रंगवलेल्या घागरीची छिद्रे बुजतात आणि ती स्टीलच्या भांड्यासारखी वागू लागते. म्हणून रंगकाम फक्त गळ्यावर करायचे आहे, पोटावर नाही. भांडे योग्य आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण अशी, की भरून ठेवल्यावर तासाभरात त्याच्या पोटावर हात फिरवला तर ओलसर आणि गार लागले पाहिजे.

प्रयोग झाल्यावर मुलांना विचारायचे, की अशा उन्हात हे पाणी पहिल्यांदा कोणाला द्याल? मुले बहुधा ‘मला’ किंवा ‘आईला’ असे म्हणतात. त्यानंतर आपल्याकडे नवी घागर भरली की ती आधी ज्यांना आता तहान लागू शकत नाही अशा माणसांच्या नावाने ठेवतात, हे सांगायचे. तेथून दुसरा पाठ सुरू होतो.

घागर मांडण्यासाठी काय काय आणायचे?

एक मातीची घागर, तिच्यावर ठेवायला छोटा चंबू किंवा लोटा, एक खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या, हळद-कुंकू आणि सुताचा धागा. आपल्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात, परंतु आपल्या वर्गात पुण्या-मुंबईची कुटुंबेही आहेत आणि त्यांच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा, तेव्हा दुकानात खरबूजच मागावे. येथे आंब्याचा हंगाम एप्रिलपर्यंत सरलेला असतो. आंबा न मिळाल्यास डबाबंद आमरसाची वाटी ठेवली तरी चालेल. खान्देशातील अनेक घरांत आखाजीला पितरांना दाखवल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत, हे मात्र मुलांना सांगावे.

घागर भारतातून मागवू नये. मातीचा अंश लागलेल्या वस्तू, धान्य आणि बियाणे यांवर ऑस्ट्रेलियातील विमानतळावर कडक तपासणी असते. रोपवाटिकेतील कुंड्यांना खाली भोक असते आणि त्या पिण्याच्या पाण्यासाठी केलेल्या नसतात, त्यामुळे भारतीय किराणा दुकानातील साधा माठ बरा. वर्गातील भांड्यांतले पाणी कोणीही पिणार नाही. ते पाठ संपल्यावर झाडांना घालायचे आहे.

पितरांची नावे लिहायची म्हणजे काय? लहान मुलांसमोर मृत्यूचा विषय काढणे योग्य आहे का?

घरी घागर मांडताना उंबरठ्यापाशी एकेका पितराचे नाव घेऊन कुंकवाचे बोट उमटवण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. दुसऱ्या पाठात मुले कुंकवाऐवजी लाल रंगाचे बोट कागदावर उमटवतात आणि प्रत्येक बोटाखाली एक नाव लिहितात. वडिलांकडच्या तीन पिढ्या आणि आईकडच्या तीन पिढ्या असे कागदाचे दोन भाग आहेत. परंपरेत बहुतेक घरी वडिलांकडचीच नावे घेतली जातात हे मला माहीत आहे. वर्गात दोन्ही बाजू घेण्याचा निर्णय मी विचारपूर्वक केला आहे आणि त्यावर मी ठाम आहे, कारण मुलाला जी माणसे मिळाली ती दोन्हीकडून मिळाली.

या कागदावर एक गोष्ट लगेच दिसून येते. पणजोबांचे नाव बहुतेकांना मिळते, पणजीचे मिळत नाही. आपल्या गावांत सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारत असत, किंवा ती अमक्याची आई म्हणून ओळखली जाई. लग्नात नाव बदललेले असे ते वेगळेच. एका मुलीच्या कागदावर पणजीच्या बोटाखाली नुसते ‘किनगाववाली’ असे लिहिलेले होते. तिने आजीला फोनवर विचारले, परंतु आजीलाही आपल्या सासूचे माहेरचे नाव ठाऊक नव्हते. सासूला तिचे नाव विचारण्याची पद्धतच नव्हती, असे त्या म्हणाल्या. आजींनी अमळनेरला राहणाऱ्या आपल्या वृद्ध नणंदेला फोन केला आणि तिच्याकडून माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे कळली. मुलीने दोन्ही नावे लिहिली आणि खाली ‘किनगाव’ हेही तसेच ठेवले. आदर म्हणजे काय यावर त्या दिवशी मला वेगळे बोलावे लागले नाही. नाव शोधण्यासाठी वेळ लागू शकतो, म्हणून कागद पहिल्या पाठाच्या दिवशीच घरी पाठवला जाईल. नाव सापडलेच नाही तर बोट उमटवून खाली जागा मोकळी ठेवावी. अंदाजाने किंवा आवडीने नाव घालू नये.

मृत्यूच्या विषयाबद्दल सांगायचे तर, सहा वर्षांवरील मुले या पाठात शांतपणे सहभागी होतात, कारण त्यांना काहीतरी करायचे असते. तरीही ज्या घरात गेल्या वर्षभरात कोणी गेले असेल त्यांनी मला आधी कळवावे. त्या मुलाला नाव मोठ्याने वाचण्याचा आग्रह होणार नाही, आणि त्याला बोलायचे असेल तर थांबवलेही जाणार नाही.

आम्ही पूजा करत नाही. आमचे मूल या घटकात भाग घेऊ शकते का?

घेऊ शकते. वर्गात मंत्र, आरती किंवा नैवेद्य दाखवणे नाही. घागर कशी मांडतात हे पाहणे आणि ती आपल्या घरी मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट सर्वस्वी आपली आहे. जैन कुटुंबांसाठी हाच दिवस ऋषभदेवांनी दीर्घ उपवासानंतर उसाच्या रसाने पारणे केल्याच्या स्मरणाचा आहे, आणि वर्षीतप करणारे आजही या दिवशी पारणे करतात. ज्यांच्या घरी ही परंपरा आहे त्या मुलांनी पहिल्या पाठात ती सांगावी अशी विनंती आहे. दिवस एक आणि त्याच्या आठवणी दोन, हे मुलांनी एकमेकांकडून ऐकले तर अधिक चांगले. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांचे सण स्वतंत्र आहेत. त्यांना आखाजीच्या पाठात ओढून-ताणून बसवलेले नाही.

झोक्याच्या पाठात काय आहे?

हा पाठ लहान आहे आणि बराचसा बागेत होतो. झोका बांधता येईल असे झाड येथे मिळत नाही, कारण सार्वजनिक बागेत फांदीला दोर बांधण्यास परवानगी लागते. त्यामुळे खेळाच्या मैदानावरील झोकेच वापरले जातील. ज्या आयांना गौराईची अहिराणी किंवा लेवा बोलीतील गाणी येतात त्यांनी येऊन म्हणावीत. चाल बरोबर असली तरी शब्द विसरतात, म्हणून ती आपल्या आईकडून आधी लिहून घ्यावीत. पाठाचा प्रश्न असा आहे : आपल्या घरातून कोण दूर गेले आहे, आणि ते परत येतात तेव्हा घरात काय बदलते? येथील मुलांच्या बाबतीत दूर गेलेले आपणच असतो. वर्षानुवर्षे आखाजीला माहेरी जाऊ न शकलेल्या आयांना हा पाठ जड जातो, हे मी पाहिले आहे. मुलांनी ते पाहिले तर बिघडत नाही.

सालदाराचा विषय सणाच्या अभ्यासक्रमात कशाला?

कारण तो सणातच आहे. शेतावर वर्षभराच्या बोलीने काम करणारा तो सालदार. खान्देशात त्याचे साल आखाजीला संपते. त्या दिवशी मागचा हिशेब पुरा होतो आणि पुढच्या वर्षाची बोली ठरते, म्हणजे रोख किती, धान्य किती, कपडे काय आणि आगाऊ उचल किती. पितरांना पाणी देण्याचा दिवस आणि राबणाऱ्याचे देणे चुकवण्याचा दिवस एकच असावा, ही मला या सणातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते. पहिले केले आणि दुसरे टाळले तर घागर भरण्याला काय अर्थ उरतो, हे मुलांनीच एकमेकांना विचारावे अशी या पाठाची रचना आहे.

मुले आजोबांना तीन प्रश्न विचारतील : बोली तोंडी होई की लिहून, उचल फिटली नाही तर पुढे काय होई, आणि सालदाराच्या घरच्यांना आखाजीला काय दिले जाई. यात गोड उत्तरेच येतील असे नाही. उचल न फिटल्यामुळे तोच सालदार वर्षामागून वर्षे त्याच शेतावर राहिला, असे अनेक गावांत घडलेले आहे. आपल्या वर्गात शेतमालकांची नातवंडे आहेत तशी सालदारांचीही आहेत. त्यामुळे कोणत्याही मुलाने ‘आमच्याकडे’ असे न म्हणता ‘एका घरी’ असे म्हणून सांगायचे, हा नियम आहे. जात विचारली जाणार नाही आणि कोणी सांगू लागल्यास विषय कामाकडे आणि देण्याकडे वळवला जाईल. आजोबांनी मोकळेपणाने बोलावे, मुलांच्या समोर कोणाचाही न्यायनिवाडा होणार नाही.

सोने खरेदी आणि आखाजीचे पत्ते यांविषयी मुलांनी विचारले तर?

सोन्याविषयी वर्गात वेगळा पाठ नाही. जळगावच्या सराफ बाजारातील त्या दिवसाची गर्दी मुलांना चित्रात दिसेल तेवढी पुरे. आखाजीला गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात आणि काही ठिकाणी त्यात पैसे लागतात, हे खरे आहे आणि मुलांनी विचारल्यास ते लपवणार नाही. सणात असलेली प्रत्येक गोष्ट अनुकरणीय असतेच असे नाही, हे मोठ्या मुलांना स्पष्टपणे सांगितले जाईल.

मूल खरोखर काही शिकले, हे आम्ही कसे ओळखावे?

चौथ्या रविवारनंतर मुलाला विचारावे, की आखाजीला काय करतात आणि कोणासाठी. ‘आपण मोठ्यांचा आदर केला पाहिजे’, ‘पाणी वाचवले पाहिजे’ अशी उत्तरे आली तर मूल पाठ केलेले बोलत आहे असे समजावे, कारण ती कोणत्याही सणाला लागू पडतात. त्याच्या उत्तरात आपल्या पणजीचे नाव आले, घागर पूर्ण का रंगवू नये हे आले किंवा आजोबांनी सांगितलेल्या एखाद्या बोलीतील धान्याचे माप आले, तर पाठ पोचला. सणाविषयी त्याने एखादी हरकत घेतली तरीही पाठ पोचला असे मी मानते. गेल्या वर्षी तात्पुरत्या स्वरूपात हा घटक घेतला तेव्हा एका मुलाने विचारले होते, की सालदाराच्या घरी पितरांची घागर कोण भरत असेल, तो तर त्या दिवशी मालकाच्या ओसरीवर हिशेबाला बसलेला असतो. तो प्रश्न मी या वर्षीच्या चौथ्या पाठात घेतला आहे. गुण किंवा श्रेणी दिली जाणार नाही.

आजी-आजोबांनी कोणत्या वेळी उपलब्ध राहावे?

वर्ग रविवारी दुपारी दोन वाजता असतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी येथील घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर भारताशी साडेचार तासांचा फरक राहतो, म्हणजे खान्देशात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतील. त्या वेळी ऊन फार चढलेले नसते आणि घागर मांडून झालेली असते, त्यामुळे पहिल्या पाठाला ती थेट दाखवता आली तर उत्तम. फोन उंबरठ्याच्या आतल्या बाजूला, कॅमेऱ्याचे तोंड प्रकाशाकडे न करता ठेवावा, नाहीतर पडद्यावर फक्त दारातला उजेड दिसतो. ज्या गावांत सकाळी भारनियमन असते तेथील आजी-आजोबांनी आदल्या संध्याकाळी फोन चार्ज करून ठेवावा आणि घागरीची एक छोटी चित्रफीत आधीच पाठवून द्यावी, म्हणजे संपर्क तुटला तरी पाठ अडणार नाही.

आपली नम्र,
रविवारच्या मराठी वर्गाची शिक्षिका